प्रतिसाद: मैत्रिणीने जुळवलेली ब्लाइंड डेट

>> मैत्रीण म्हणते तुम्ही दोघं एकदम परफेक्ट, शनिवारी भेटाच. काय समजून जायचं?

आधी मैत्रिणीला विचार की त्याला माझ्याबद्दल नक्की काय सांगितलंयस. गोची तिथेच होते, तुला 'सहज भेट गं' आणि तिकडे 'ती लग्नाचं बघतेय'. माझी आतेबहीण अशीच कॉफी प्यायला गेली आणि समोरचा कोथरूडच्या फ्लॅटचे हप्ते आणि आईचा स्वभाव सांगत बसला, बिचाऱ्याला मधल्याने स्थळ म्हणूनच पाठवलेलं!

म्हणून आदल्या दिवशी त्याला तूच मेसेज टाक, "तासभर कॉफी पिऊ, मी सध्या फक्त ओळख करून घ्यायच्या मूडमधे आहे, तुझं काय?" उत्तरावरून लगेच कळतं. जेवणाचं ठरवू नकोस, पहिल्या दहा मिनिटांत नाही जमलं तरी बिल येईपर्यंत अडकतेस.

आणि नकार द्यायचा तर दुसऱ्या दिवशी स्वतः दे, "भेटून छान वाटलं पण पुढे भेटावंसं वाटत नाही" इतकं बास. मैत्रिणीकडून निरोप गेला की ती तो गोड करून सांगते, मग तो महिनाभर आशेवर. (तिला त्याच रात्री 'कसा वाटला' चा रिपोर्टही देऊ नकोस, सगळं तिकडे पोचतं.)