आठ पदरी रस्ता केला तर उपनगरांची कोंडी सुटेल का?

नवखा_प्रवासी: शहराबाहेर घर घेतलंय. सकाळी शहरात शिरताना तासभर अडकतो. हा रस्ता आठ पदरी केला तर प्रश्न मिटेल ना? मग लोक विरोध का करतात?

सरळमार्ग: मिटेलच. गाड्या तेवढ्याच आणि जागा दुप्पट, मग कोंडी होईल कशी? शहरात घर परवडत नाही, माणसानं राहायचं कुठे? विरोध करणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागेल.

मोजपट्टी: घराचा मुद्दा बरोबर, पण गाड्या तेवढ्याच राहत नाहीत. रस्ता मोकळा दिसला की गर्दी टाळायला पहाटे निघणारे नेहमीच्या वेळेला निघू लागतात, आडवाटेनं जाणारे हमरस्त्यावर येतात, रेल्वेनं जाणारे गाडी काढतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच हे मांडलं होतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा हमरस्ता 2008 पर्यंत रुंद झाला, बाजूचे रस्ते धरून काही भागात 26 पदर. तरी काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

याहून मोठा परिणाम सावकाश होतो. काल दीड तासावर असलेलं शिवार आज तासाभरावर येतं. मग तिथे प्लॉट पडतात आणि त्या घरांतल्या गाड्या याच रस्त्यावर उतरतात.

बांधावरचा: रस्त्याचं मला कळत नाही, शेताचं सांगतो. शेजारच्या दोघांनी जमीन विकली, मधे माझी राहिली. लेआउटवाल्यांनी भराव टाकून ओढा अडवला, आता पावसात माझ्या वावरात पाणी तुंबतं. फवारणी केली की बंगल्यांतून तक्रार. आज ना उद्या जमीन जाणारच, म्हणून नवी फळझाडं लावायचा धीर होत नाही. विहिरीचा गाळही काढलेला नाही.

मोजपट्टी: हेच आकडेवारीत दिसत नाही. कागदावर तुमची जमीन अजून शेतीच आहे, पण तिच्यात पैसा घालणं थांबलंय. तुकडे पडले की आसपासची शेतीही अशी आधीच खचते.

सरळमार्ग: मग काय, शहराभोवती रेघ मारून पलीकडे बांधकाम बंद करायचं? लंडननं हरित पट्टा ठेवला, तर लोक पट्ट्यापलीकडे राहून तो ओलांडून कामाला येतात. प्रवास उलट वाढला.

मोजपट्टी: खरंय. नुसती रेघ पुरत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 1979 पासून शहराच्या वाढीला हद्द आहे, पण आत पुढच्या 20 वर्षांत लागणाऱ्या घरांना पुरेल एवढी जागा ठेवायची अट आहे. तिथली घरं त्या हद्दीमुळे किती महागली, यावर मात्र अजून वाद आहे. नुसत्या कोंडीपुरतं बोलायचं तर गर्दीच्या वेळी शहरात शिरणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घ्यावं. स्टॉकहोममध्ये 2006 च्या प्रयोगात शुल्काची सीमा ओलांडणाऱ्या गाड्या सुमारे पाचव्या हिश्शानं घटल्या.

सरळमार्ग: म्हणजे ज्याला शहरात घर परवडलं नाही, त्यानंच रोज पैसे मोजायचे? हे मला मान्य नाही.

नवखा_प्रवासी: मलाही नाही, निदान घराजवळून बस सुरू होईपर्यंत तरी. पण ओढ्यावर भराव टाकायला परवानगी दिली कुणी?