रॅम्पचं काय करायचं? (फॅमिली ग्रुप, रविवार सकाळ)

संकेत: सगळ्यांना नमस्कार. साताऱ्याच्या घरासमोरचा रस्ता पुन्हा काँक्रीटचा झाला आणि आपलं पार्किंग आता रस्त्यापेक्षा ७० सेंमी खाली गेलंय. फाटकापासून पार्किंगच्या कॉलमपर्यंत ३.६ मीटर जागा आहे. मिस्त्री म्हणतो, सरळ उतार मारून देतो, दोन दिवसांत काम संपेल. अविनाशकाका, बघता का जरा?

अविनाशकाका: आधी ७० नाही, ७५ धर. फाटकाच्या ओळीत रस्त्यापेक्षा ५ सेंमी उंच उंबरा ठेवावाच लागेल, नाहीतर पहिल्याच पावसात अख्ख्या गल्लीचं पाणी तुझ्या घरात. ३.६ मीटरमध्ये ७५ सेंमी म्हणजे साधारण १:५. गाडी चढेल, त्याची काळजी नाही. पण उंबऱ्यावर पोट टेकेल.

प्राजक्ता: पोट म्हणजे मधला भाग ना? आपल्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७ आहे की.

अविनाशकाका: रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की १२-१३ च उरतो. आता बघ, तुमच्या गाडीच्या दोन चाकांमध्ये सुमारे २.४५ मीटर अंतर आहे. पुढची चाकं उतारावर आणि मागची रस्त्याकडे असली की मधे उंबरा वर येतो. मी कागदावर काढून बघितलं. रस्त्याकडून १ मीटरमध्ये ५ सेंमी चढ आणि आत मिस्त्रीचा सरळ उतार धरला, तर उंबरा चाकांच्या रेषेच्या १५ सेंमी वर येतो. म्हणजे दिवाळीला सगळे आलात की खर्रर्र.

मीनाआत्या: मग पार्किंगच भरून रस्त्याच्या लेव्हलला आणा. कटकट संपली!

संकेत: आत्या, बीमखाली फक्त २.२५ मीटर आहे गं. ७० भरलं तर वाकून जावं लागेल.

अविनाशकाका: पूर्ण नाही, पण १५ सेंमी भर. बीमखाली २.१० राहील, गाडीला पुरेसं आहे. आता उतरायचं राहिलं ६० सेंमी. रॅम्प कॉलमच्या आत १.२ मीटर घे, म्हणजे लांबी ४.८ मीटर होते. आत गाडी उभी करायला जागा उरते का, ते मोजून सांग.

संकेत: उरते. मागे स्कूटर लावतो ती बाजूला घ्यावी लागेल.

अविनाशकाका: ठीक. मग उताराचे तीन तुकडे कर. वरचे १.२ मीटर १:१२ ने, म्हणजे १० सेंमी उतार. मधले २.४ मीटर १:६ ने, म्हणजे ४० सेंमी. खालचे १.२ मीटर पुन्हा १:१२ ने, १० सेंमी. बेरीज ६०. आता तोच हिशोब केला तर उंबरा ९ सेंमीच्या आतच वर येतो आणि भरलेली गाडीही सुटते. खालचा तुकडा पुढच्या बंपरसाठी आहे. बंपर चाकाच्या पाऊण मीटर पुढे असतो. तीव्र उतारावरून एकदम सपाटीला आलं, वर ब्रेक दाबला, की तो जमिनीला घासतो.

बाबा: १:६ जरा जास्त नाही होत? सोसायट्यांमध्ये १:८, १:१० बघितलेत.

अविनाशकाका: जास्तच आहे, दादा. जागा असती तर मीही १:८ च घेतला असता. इथे मधले अडीच मीटरच तीव्र आहेत, गाडीला चालेल. पण आईला त्यावरून चालवायचं नाही. तिच्यासाठी बाजूच्या भिंतीला धरून दोन फुटी पायऱ्या आणि एक रेलिंग. पावसात ओल्या १:६ वर सत्तरीच्या माणसाने उतरू नये.

मीनाआत्या: वर टाइल्स लावा मग, बाहेर लावतात त्या खडबडीत. दिसायलाही छान.

अविनाशकाका: रॅम्पवर टाइल नको. चाक फिरताना टाइलला मागे ढकलतं, काही वर्षांत सांधे सुटतात. एम २५ चं काँक्रीट, १२-१५ सेंमी जाड, खाली सोलिंग आणि आत जाळी. वरून आडवा झाडू फिरवायचा आणि खाचा पाडायच्या, एक सेंमी खोल. खाचा सरळ आडव्या पाडल्या तर त्यात पाणी थांबतं आणि श्रावणापर्यंत शेवाळ धरतं. म्हणून मधून दोन्ही कडांकडे उतरत्या, टोक वर.

संकेत, एका गोष्टीवर उभा राहून लक्ष ठेव. काँक्रीट टाकल्यावर पाणी वर येतं, आणि मिस्त्री ते सुकवायला कोरडं सिमेंट भुरभुरवतो. ते करू द्यायचं नाही. तो पापुद्रा वर्षभरात सुटतो आणि खाली गुळगुळीत भाग उरतो. चकाकी आपोआप गेली की मगच झाडू. आधी फिरवला तर रेषा बुजतात, उशीर झाला तर नुसते ओरखडे उठतात.

संकेत: आणि पाणी मारायचं कसं? उतारावर तळं साचणार नाही.

अविनाशकाका: ओली गोणपाटं पसर, दहा दिवस सुकू द्यायची नाहीत. गाडी तीन आठवड्यांनी.

प्राजक्ता: पण रॅम्पवर पडलेलं पाणी शेवटी पार्किंगमध्येच येणार ना? रस्त्याची गटार तर आता वर आहे.

अविनाशकाका: खरा प्रश्न हाच आहे. रॅम्प ३ मीटर रुंद धरला तर साडेचौदा चौरस मीटर होतात. जोराच्या सरीत तासाला १०० मिमीच्या वेगाने पाऊस पडला तर मिनिटाला २४ लिटर. रॅम्पच्या पायथ्याला पूर्ण रुंदीची १५ सेंमी नाली आणि वर लोखंडी जाळी घ्यायची, नालीला १०० ला १ उतार. पार्किंगच्या फरशीचा उतारही नालीकडेच. नालीच्या टोकाला दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट खोल चेंबर आणि त्यात फ्लोट स्विचची मोटर. चेंबरमध्ये सव्वातीनशे लिटर मावतं. म्हणजे लाइट गेली तर तेरा-चौदा मिनिटांत भरतं.

बाबा: आणि आपल्याकडे सरीबरोबरच लाइट जाते.

अविनाशकाका: म्हणून मोटरच्या भरवशावर राहायचं नाही. रॅम्पवर शेड टाका, पाणी येणंच कमी होईल. शेडचं पाणी पन्हळीने थेट वरच्या गटारीत. मग चेंबरला फक्त वाऱ्याने येणारं आणि टायरचं पाणी राहतं. मोटरच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा आणि पाइप रस्त्यापेक्षा फूटभर वर नेऊन मग खाली सोडा. गटार तुंबली की पाणी उलटं येतं.

संकेत: उंबरा फाटकाबाहेर थोडा वाढवला तर? आत तेवढी लांबी मिळेल.

अविनाशकाका: नाही. तिथे नगरपालिकेची गटार आहे, ती बुजवलीस तर शेजाऱ्यांच्या घरात पाणी आणि तुझ्या घरी नोटीस. तो १ मीटरचा चढसुद्धा आपल्या हद्दीतच बसतोय ना, ते बघ.

संकेत: बसतोय. फाटकाबाहेर पाऊण मीटर आपलीच जागा आहे, आणि फाटक फूटभर मागे घेता येईल. पण मग आतली जागा कमी होईल ना?

अविनाशकाका: फाटक कुठेही असो, उंबऱ्यापासून ४.८ मीटर मोज. फक्त ते आता आत उघडायचं नाही, उतारावर घासेल. सरकतं कर. उद्या मिस्त्रीला लेव्हलची नळी घेऊन बोलाव आणि भिंतीवर चार खुणा कर: उंबरा, मग १० सेंमी खाली, मग ५०, मग ६०. पुढे-मागेची अंतरं मी सांगितली तीच. खुणांचा फोटो इथे टाक, तोपर्यंत सोलिंगचा दगड मागवू नकोस.

मीनाआत्या: आणि जाळी जाड पट्टीची घ्या रे. आमच्या बिल्डिंगमधली गाडी गेली की रात्री खडखड वाजते.

अविनाशकाका: अँगलची चौकट काँक्रीटमध्येच पुरून त्यात बसवायची, मग नाही वाजत. आणि दोन-दोन फुटांचे तुकडे, एका माणसाला उचलता येतील असे. गाळ काढायचाय जूनच्या आधी.