अमेरिकी कंपनीचे कारखाने शोधताना

> '१०-के अहवालात कंपनीचे कारखाने नेमके कुठे सापडतात?'

अमेरिकी शेअर बाजार नियामक SEC च्या EDGAR या संकेतस्थळावर कंपनीचा 10-K, म्हणजे वार्षिक अहवाल, उघडून `Item 2. Properties` शोधा. पहिला निकाल अनुक्रमणिकेचा असेल, तर पुढच्यावर जा. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सच्या अहवालात तिथे व्यवसाय-विभागानुसार गावांची यादी आहे. गफलत इथेच होते: फलटण एकाहून अधिक विभागांखाली येतं, म्हणून ओळी मोजल्या तर आकडा फुगतो. आधी गावानुसार एकत्र करा. संयुक्त भागीदारीतले कारखाने कोष्टकाबाहेर, वेगळ्या परिच्छेदात असतात. तो वाचायलाच हवा.

नियमानुसार फक्त महत्त्वाच्या मालमत्ता द्याव्या लागतात, त्यामुळे यादीत नाही म्हणजे कारखानाच नाही, असं धरू नका. बहुधा गावाचंच नाव मिळतं. पूर्ण पत्ता फक्त मुख्यालयाचा, तोही मुखपृष्ठावर.