मदत हवी आहे : न मिळालेल्या वेतनचिठ्ठीसाठीचा मजकूर तपासून द्यावा

काटेवाला
नमस्कार. मी आर्णी तालुक्यातील एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो आणि आमचे वेतन नागपूरच्या मुख्य कार्यालयातून होते. घरकर्जासाठी बँकेने ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या मागितल्या आहेत. त्यांपैकी सप्टेंबरची माझ्याकडे आलेली नाही. तो पगार ७ ऑक्टोबरला जमा झाला. १५ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबरला मी फोन केला होता. वेतन विभागासाठी असे लिहिले आहे :

"साहेब, मला ऑक्टोबरचे पगारपत्रक मिळाले नव्हते. मी दोन वेळा फोन करत होतो. पगार खात्यात जमा होतो. तरी लवकर पाठवाल."

मजकूर माझाच वाटावा. काळ आणि औपचारिक शब्द तेवढे सुधारून द्यावेत.

वऱ्हाडी_गुरुजी
आरंभी "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की" असे लिहा आणि घटना होऊन गेली असल्याने सर्व क्रियापदे भूतकाळात ठेवा.

पांढरकवडा७
माझ्या पगारातून तर दोन खाडे जास्तीचे कापले आहेत. त्याचा अर्जही असाच लिहावा काय?

जुना_लिपिक
पांढरकवड्याचे भाऊ, आपली तक्रार रकमेची आहे, तिला हजेरीची नोंद जोडावी लागेल; वेगळा धागा काढावा.

गुरुजी, सगळेच भूतकाळात नेले तर घोटाळा होतो. "मिळाले नव्हते" वाचणाऱ्याला वाटते की तेव्हा मिळाले नव्हते, नंतर मिळाले असेल, आणि अर्ज बाजूला पडतो. म्हणून "अद्याप मिळालेली नाही". फोन मात्र करून झाले, तेथे "केला होता" योग्य. "जमा होतो" ही दरमहाची गोष्ट झाली, येथे "जमा झाले आहे" हवे.

खरी चूक महिन्याची आहे. पैसे ऑक्टोबरमध्ये आले तरी वेतन सप्टेंबरचे आहे. आपल्या मजकुरावरून ते ऑक्टोबरचीच चिठ्ठी पाठवतील. शिवाय पगारपत्रक म्हणजे सगळ्या कामगारांचा तक्ता, असाही अर्थ निघतो.

"महोदय, माझे सप्टेंबर महिन्याचे वेतन ७ ऑक्टोबर रोजी खात्यात जमा झाले आहे, मात्र त्या महिन्याची वेतनचिठ्ठी मला अद्याप मिळालेली नाही. याबाबत मी १५ ऑक्टोबर व ३ नोव्हेंबर रोजी दूरध्वनी केला होता. कर्जासाठी ती बँकेत सादर करावयाची असल्याने लवकरात लवकर पाठवण्यात यावी, ही विनंती."

खाली नाव आणि कर्मचारी क्रमांक अवश्य लिहावा.

वऱ्हाडी_गुरुजी
"नव्हते"बद्दलचे म्हणणे मान्य आहे. पण "पाठवण्यात यावी" हे वरच्यांनी खालच्यांना लिहिल्यासारखे वाटते, "पाठवावी" बरे.

जुना_लिपिक
आमच्या कार्यालयात दोन्ही चालत असे. मी माझेच ठेवीन.

काटेवाला
महिन्याची चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. "पाठवावी" ठेवून आज मेल करतो. बँकेने मुदत दिलेली नाही, तरी मजकुरात एखादी तारीख घालावी काय?