मदत हवी आहे: इमेज ५ अंश फिरवली, पण स्पेक्ट्रममधली फुली जागची हलत नाही

मोडीवाला
नमस्कार मंडळी. आजोबांच्या दप्तरातले मोडी कागद स्कॅन केलेत, बरेच तिरके आलेत, सरळ करायच्या आधी तिरकेपणा किती ते मोजायचंय. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, म्हणून म्हटलं टू-डी फूरिअरमध्ये या रेघांचे ठळक ठिपके मिळतीलच. एका सरळ कागदाचा १०२४×१०२४ तुकडा घेतला, दोन रेघांत साधारण ६४ पिक्सेल, आणि ठिपके मध्यापासून १६ घरं वर आणि १६ घरं खाली आले. इथवर हिशोब जुळला.

मग तोच तुकडा मुद्दाम फिरवला:

```python
r = ndimage.rotate(img, 5, reshape=False)
```

ठिपके फिरले, पण मधून जाणारी मोठी पांढरी फुली तशीच उभी-आडवी राहिली, आणि वर एक फिकट तिरकी फुली नवीनच आली. इमेज जेवढी फिरते तेवढाच स्पेक्ट्रम फिरतो ना? शिवाय ठिपक्यावरून कोन ३.६ येतोय, ५ नाही.

पिक्सेलपंत
इंटरपोलेशनमुळे होतं हे. फिरवताना मधल्या किमती अंदाजाने भरल्या जातात त्यामुळे स्पेक्ट्रम बिघडतो. `order` बदलून बघा.

मोडीवाला
order=1 आणि 0 दोन्ही केलं, लांबच्या भागात थोडा फरक पडला पण फुली जशीच्या तशी.

सिग्नलकाका
पंत म्हणतात तो परिणाम खरा आहे पण तो बारीक तपशिलात दिसतो, फुली त्याची नाही. डीएफटी तुमचा तुकडा फरशीसारखा चारी बाजूंना लावलेला आहे असं धरून चालतो, म्हणजे उजवी कड डाव्या कडेला चिकटते आणि खालची वरच्या. कागदाची एक बाजू शिवणीकडे काळवंडलेली असेल तर जोडावर उभी पायरी तयार होते आणि तिची सगळी ताकद आडव्या अक्षावर सांडते, वर-खालच्या जोडाची उभ्या अक्षावर. तुम्ही चित्र फिरवलंत पण चौकट फिरली नाही, म्हणून फुलीही नाही फिरली. तिरकी फुली कोपऱ्यात भरलेल्या काळ्या त्रिकोणांची, त्यांच्या कडा ५ अंशात आहेत. डोळ्याने बघायचं तर हे करा:

```python
np.roll(r, (512, 512), axis=(0, 1))
```

जोड मधोमध येतील.

मोडीवाला
केलं काका, मधोमध सरळ शिवण दिसतेय! आणि roll केल्यावर मॅग्निट्यूड तंतोतंत तीच राहते. पण मूळ स्कॅनमधून ४० पिक्सेल सरकवून तुकडा कापला तर मॅग्निट्यूड बदलते, मग सरकवल्याने फक्त फेज बदलते म्हणतात ते?

सिग्नलकाका
ते roll ला लागू, कारण तिथे एका कडेने गेलेलं दुसऱ्या कडेने परत येतं. कापताना ४० स्तंभ गेले आणि ४० नवीन आले, चित्रच वेगळं झालं. आता फुली घालवायला सरासरी वजा करून खिडकी लावा:

```python
g = r - r.mean()
w = np.outer(np.hanning(1024), np.hanning(1024))
F = np.fft.fftshift(np.fft.fft2(g * w, s=(4096, 4096)))
```

कडेजवळ किंमत शून्याकडे जाते त्यामुळे जोडही जातो आणि त्रिकोणही जवळपास पुसले जातात. ठिपके मात्र थोडे रुंद होतील.

कोनाचं म्हणाल तर ५ अंशावर ठिपका (१.३९, १५.९४) वर हवा, पण घरं पूर्णांकी, म्हणून जवळचं (१, १६) मिळालं आणि त्याचा कोन ३.५८. पुढचं घर (२, १६) घेतलं तर ७.१. म्हणून वर ४०९६ पर्यंत पॅड केलंय, ठिपका आता ६४ वर येईल आणि पावलं ०.९ अंशाच्या आसपास होतील. चौथा हार्मोनिक धरलात तर त्याहून बारीक. आणि पूर्ण पान घ्याल तर लांबी-रुंदी वेगळी असते, तेव्हा घरांचा कोन खोटा निघतो, आधी `fftfreq` ने दोन्ही अक्ष पिक्सेलमागच्या आवर्तनांत आणा.

ड्रोनताई
माझं थोडं वेगळं आहे पण विचारते. शेताच्या फोटोंचे १०२४ पिक्सेलचे तुकडे फेज कोरिलेशनने जुळवते, सरकणं ६०० पिक्सेल असतं आणि उत्तर −४२४ येतं. हेच का?

सिग्नलकाका
हेच, ताई. ६०० − १०२४ = −४२४, डीएफटीसाठी दोन्ही एकच. दोन्ही उत्तरं लावून बघा, ज्यात फोटोंचा सामाईक भाग खरंच जुळतो ते धरा. पण ६०० ला सामाईक भाग निम्म्याहून कमी उरतो, तेव्हा शिखर मुळात कमजोरच असेल.

मोडीवाला
काका, खिडकी आणि पॅडिंगनंतर फुली गेली, कोन ५.४ आला, चौथ्या हार्मोनिकवर ५.१! मात्र एका जुन्या पानावर रेघा उजवीकडे वाकत जातात, तिथे चौथा हार्मोनिक ठिपका न राहता कमानीसारखा पसरलाय. पानाचे उभे पट्टे करून प्रत्येकाचा कोन वेगळा काढू का?

सिग्नलकाका
काढा, पण पट्टा अरुंद झाला की आडव्या दिशेला ठिपका तेवढाच रुंद होतो आणि कोनाची बारकाई जाते. किती रुंद पुरेल ते पान बघितल्याशिवाय नाही सांगता येणार, एखादा नमुना टाका.