सर्दीची गोळी आणि अडलेली लघवी

"वडील रात्री चारदा उठतात, धारही बारीक झालीय, पण वयोमानाने चालायचंच ना?"

वर्षभर आम्हीही हेच म्हणत होतो. मग डिसेंबरात, ऐन नाशिकच्या थंडीत, अण्णांनी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून दिवसात दोनदा घेतली. रात्री लघवी पूर्ण बंद. ओटीपोट टणक, अण्णा मोरीत उभे राहून घामाघूम. पहाटे नळी घातली तेव्हा पिशवीत 900 मिली लघवी आली! डॉक्टर म्हणाले, गोळीतल्या फेनिलेफ्रिनने मूत्राशयाचं तोंड आवळतं, क्लोरफेनिरामिनने त्याचा जोर कमी होतो. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर एवढं पुरतं. मूत्राशयाचं तोंड सैल करणारी टॅमसुलोसिन गोळी सुरू करून तीन दिवसांनी नळी काढली, मग लघवी आपसूक झाली. आता सर्दीला आधी वाफ, आणि गोळी घ्यायचीच तर केमिस्टला प्रोस्टेटचं सांगूनच.