एकाच कास्तकाराला आपल्याच दोन डीलरनी कोटेशन दिलं, आता दोघांना एरियाचा नियम कसा कळवायचा? (मदत हवी आहे)

नांगर_ते_रोटाव्हेटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी शेती अवजारं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत यवतमाळ जिल्हा बघतो, चार्ज नवीन आहे. आमचा एक डीलर दारव्ह्याला, एक दिग्रसला. दोघंही जुने आणि दोघंही मानी माणसं.

झालं असं की दारव्हा तालुक्यातल्या पण दिग्रसच्या बाजूच्या एका गावातल्या कास्तकाराला ६ फुटी रोटाव्हेटर घ्यायचाय. महाडीबीटीवर त्याचा नंबर लागला, कोटेशन अपलोड करायचं होतं म्हणून तो दारव्ह्याला गेला, त्यांनी १,०८,००० अधिक ५ टक्के जीएसटी असे १,१३,४०० लिहून दिले. मग बाजाराच्या दिवशी दिग्रसला गेला तर तिथं १,०२,००० अधिक जीएसटी म्हणजे १,०७,१०० मिळाले. त्यानं दोन्ही कागदांचा फोटो काढून दारव्हावाल्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "कंपनी एकच ना जी?"

तेव्हापासून दारव्हावाल्याचे फोन थांबून नाही राहिले. म्हणतात माझ्या तालुक्यात घुसला, त्याचा माल बंद करा. दिग्रसवाले म्हणतात गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं दुकानात आलं, हाकलून देऊ का? साहेब म्हणतात दोघांना एक कडक लेटर टाक आणि डीलरच्या ग्रुपवर पण टाक म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मला ते काही पटत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाहीये. लेटरमध्ये काय लिहू, आणि आधी कोणाला सांगू?

पांढरं_सोनं_वणी

अनुदानाचं काम असेल तर आधी पूर्वसंमती आली का बघा. पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केली तर अनुदान अडकते. माझ्या मावसभावाचं असंच झालं, बिल आधीच्या तारखेचं निघालं, तेव्हापासून कृषी सहायकाकडे चकरा चालू आहेत.

नांगर_ते_रोटाव्हेटर

भाऊ ते बरोबर आहे, पण माझा प्रश्न अनुदानाचा नाही, डीलरचा आहे. पूर्वसंमती यायची आहे अजून.

हिशोब_रोखठोक

यात एवढं विचार करण्यासारखं काय आहे. एरिया अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेला असतोच, त्याचा झेरॉक्स दिग्रसवाल्याला पाठवा, लिहा की उल्लंघन झालं, पुढच्या वेळी डिस्काउंट स्कीम बंद. आणि खरं मूळ भावात आहे, सगळ्यांना लेखी द्या की १,०८,००० च्या खाली कोणी विकायचं नाही. भाव एक झाला की गिऱ्हाईक फिरतच नाही, भांडणच संपलं.

गोडाऊन_ते_गाव

मी पंपसेट आणि मग अवजारं अशी बरीच वर्षं डीलर सांभाळली, आता रिटायर आहे. हिशोबभाऊंचं अर्धं बरोबर आहे, कागद आधी काढा हे बरोबर. पण भावाचं अजिबात लेखी देऊ नका, तोंडीही देऊ नका. डीलरनं अमुक किमतीच्या खाली विकू नये असं कंपनीनं बांधणं हे स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) मध्ये येतं. डीलरच्या डिस्काउंटवर लगाम घातला म्हणून मारुतीला २०२१ मध्ये स्पर्धा आयोगानं २०० कोटींचा दंड लावला होता, ते अपिलात गेले ती गोष्ट वेगळी. तुमची कंपनी छोटी आहे, तिथवर कोणी येणार नाही म्हणाल, पण तुमच्या सहीचं ते लेटर उद्या नाराज डीलरच्या हातात असेल ना. एमआरपीच्या आत कितीला विकायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. एरिया वाटून देण्याला तशी थेट बंदी नाही, त्यानं बाजारातल्या स्पर्धेवर किती परिणाम होतो ते बघतात, त्यामुळे तुम्ही बोला ते एरियावर, भावावर नाही.

आता मला सांगा, दोघांच्या अ‍ॅग्रीमेंटच्या मागे जोडलेलं एरियाचं पान काढून बघितलं का? शब्द जसेच्या तसे लिहा इथं.

नांगर_ते_रोटाव्हेटर

आत्ता काढलं. दारव्हावाल्यांचं: "दारव्हा तालुका". दिग्रसवाल्यांचं: "दिग्रस तालुका व लगतचा परिसर". कुठंही "फक्त" किंवा "एकमेव" असं नाही. दोन्हीवर माझ्या आधीच्या माणसाच्या सह्या आहेत, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या.

गोडाऊन_ते_गाव

वाटलंच होतं. भांडणाचं मूळ त्या "लगतचा परिसर" मध्ये आहे. ते गाव दिग्रसला लगतचंच आहे, म्हणजे तुमच्याच कागदानं ते दोघांचं आहे. उद्या दिग्रसवाल्याला "उल्लंघन" लिहून पाठवलं तर तो हेच पान तुमच्या टेबलावर आपटेल आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून तो शब्द लेटरमध्ये येऊच देऊ नका. हे लेटर शिक्षेचं नाही, खुलाशाचं आहे, आणि एका तारखेपासून पुढं लागू होणारं आहे. मागच्या कोटेशनला ते लागू नाही.

क्रम असा ठेवा. पहिले दोघांना वेगवेगळा फोन, एकाच दिवशी, पाठोपाठ. दारव्हावाल्याला आधी करा कारण तक्रार त्याची आहे, पण दिग्रसवाल्याला ती बातमी त्याच्याकडून कळायच्या आत तुमचा फोन गेला पाहिजे. फोनवर निकाल द्यायचा नाही, फक्त विचारायचं: गिऱ्हाईक पहिल्यांदा कधी भेटलं, कुठं भेटलं, कोण कोणाकडे गेलं. एकाचा भाव दुसऱ्याला तुमच्या तोंडून कळता कामा नये, कास्तकारानं फोटो पाठवला असला तरी. मग संध्याकाळपर्यंत दोघांना शब्दन् शब्द एकच लेटर. एकाला गोड आणि एकाला कडक लिहिलं की दोन दिवसांत दोघं एकमेकांना वाचून दाखवतात, हे मी भोगलेलं आहे. आणि ग्रुपवर टाकायचंच नाही, साहेबांना सांगा की बाकीच्या डीलरना त्यात फक्त एवढंच दिसेल की दारव्हा-दिग्रसचं वाजलं.

लेटर साधारण असं:

"दारव्हा व दिग्रस या दोन्ही ठिकाणच्या आपल्या डीलरनी एकाच ग्राहकाला कोटेशन दिल्याचे आमच्या लक्षात आले. दोन्ही करारांतील क्षेत्राचे शब्द वेगवेगळे असल्याने हे झाले, त्यात कोणाचा दोष धरलेला नाही. दोन्ही कोटेशने त्यांच्या मुदतीपर्यंत कायम राहतील व ग्राहक त्याच्या इच्छेने निवड करील. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून सोबतची गावांची यादी लागू करण्याचा प्रस्ताव आहे. यादीबाहेरील गावात डेमो, बॅनर, घरभेट किंवा फोन करून विक्री करू नये. यादीबाहेरील ग्राहक स्वतः दुकानात आल्यास विक्री करता येईल, मात्र कोटेशन देण्यापूर्वी कंपनीला कळवावे. मशीन चालू करून देणे व मोफत सर्व्हिस ग्राहकाच्या गावाचा डीलर करील व त्याचे ठरलेले पैसे विकणारा डीलर देईल. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी."

"प्रस्ताव" आणि "हरकत" मुद्दाम घातलंय. एकदा सही झालेल्या करारात कंपनीनं एकट्यानं लेटर टाकून बदल केला तर तो टिकेलच असं नाही, तुमच्या करारात तसा अधिकार लिहिलाय का बघा. नसेल तर गावांच्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि तो कागद दोन्ही करारांना पुरवणी म्हणून जोडा. यादीत "परिसर", "पट्टा", "रोडच्या अलीकडे" असले शब्द नकोत, ग्रामपंचायतीचं नाव लिहायचं. तुमचं हे गाव तालुक्यानं दारव्ह्याचं पण बाजारानं दिग्रसचं, अशी गावं आधी वेगळी काढा, खरी डोकेदुखी तेवढीच आहे.

पाइपवाला_वाशीम

मी डीलर आहे, दुसऱ्या मालाचा. माझ्याच एरियात कंपनीनं दुसऱ्याला माल दिला आणि मला म्हणे गिऱ्हाईक स्वतः आलं. अहो प्रत्येकच गिऱ्हाईक स्वतः आलेलं असते! कोण कबूल करते की मी त्याच्या वावरात जाऊन आलो म्हणून. वरच्या लेटरातली ही दुकानात आल्यास विक्रीची लाइन म्हणजे चोरवाट आहे. दारव्हावाल्यानं दुकानात माल भरून ठेवायचा, डेमोचं डिझेल त्यानं जाळायचं, आणि गिऱ्हाईक सहा हजारासाठी शेजारी जाणार.

गोडाऊन_ते_गाव

तुमचा राग बरोबर आहे, ती वाट पूर्ण बंद होत नाही. पण आलेल्या कास्तकाराला "तुझं गाव माझ्यात नाही" म्हणून परत पाठवलं तर तो दोघांनाही सोडून तिसऱ्या कंपनीचा घेतो. म्हणून त्या विक्रीवर सर्व्हिसचे पैसे लावायचे. याच केसमध्ये बघा, डीलरची खरेदी ९५,००० धरली तर १,०२,००० ला विकून दिग्रसवाल्याला ७,००० सुटतात. त्यातले समजा २,५०० दारव्हावाल्याला मशीन चालू करून देण्याचे आणि दोन सर्व्हिसचे गेले तर त्याच्याकडे ४,५०० उरतात. बाहेरच्या गावात कमी भावात घुसायची खाज आपोआप कमी होते, आणि भावाबद्दल तुम्ही एक अक्षर बोललेले नसता. रक्कम मात्र खरोखर लागणाऱ्या कामाएवढीच ठेवा, दंड वाटेल इतकी नको.

आणि डेमोचं म्हणाल तर इन्क्वायरी नोंदवायची सवय लावा. डेमो दिला की त्याच दिवशी कंपनीच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप: गाव, मॉडेल, गिऱ्हाइकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे. नोंद ३० दिवस धरायची. दुसऱ्या डीलरनं कोटेशनआधी कळवलं की तुम्हाला लगेच दिसतं आधी कोण आहे ते. पूर्ण नंबर मागू नका, कंपनी आपलं गिऱ्हाईक पळवते असं त्यांना वाटतं.

वऱ्हाडी_ठेचा

मी कास्तकार हाव. तुमच्या एरियाचं मले काय करा लागते? जिथं सस्त भेटन आन् बिघडल्यावर जो येईन, त्याच्याकडून घेईन. त्या बिचाऱ्याले कोनी फोन करून "तुझं कोटेशन क्यान्सल" म्हनू नका म्हंजे झालं.

नांगर_ते_रोटाव्हेटर

ठेचाभाऊ, नाही करणार. त्याला मी फोन केला होता, एवढंच सांगितलं की दोन्ही कागद चालतील, कुठूनही घ्या, वॉरंटी सारखीच आहे.

दोघांशी बोलणं झालं. दारव्हावाले "दोष धरलेला नाही" या ओळीवर चिडले, म्हणे मग तक्रार कशाला केली मी. त्यांना त्यांचं आणि शेजारचं पान बाजूबाजूला ठेवून दाखवलं, मग गप्प झाले, पटले असं म्हणणार नाही. यादी करायला दोघंही तयार आहेत, सर्व्हिसच्या पैशावर दिग्रसवाले २,००० च्या वर जायला तयार नाहीत.

आणि एक नवीनच निघालं. दिग्रसवाल्याच्या पोरानं त्या कास्तकाराला आठवडी बाजारात थांबवून पॅम्फ्लेट दिलं होतं, मग तो दुकानात गेला. बाजार दिग्रसचा, माणूस दारव्ह्याच्या गावचा. हे गिऱ्हाईक "स्वतः आलं" धरायचं की "बोलावलं" धरायचं?

हिशोब_रोखठोक

बोलावलं. पॅम्फ्लेट म्हणजे प्रचारच झाला.

गोडाऊन_ते_गाव

माझ्या मते स्वतः आलं. आपल्या गावच्या बाजारात पॅम्फ्लेट वाटताना कोणी आधी घेणाऱ्याचं गाव विचारत नाही. त्याच पोरानं नंतर घरी फोन केला असता तर मी उलटं म्हटलं असतं. पण यावर दोन डीलर कधीच एकमत होणार नाहीत, म्हणून यादीवर सह्या घेताना बाजाराचा दिवस वेगळा लिहूनच घ्या.

पाइपवाला_वाशीम

बघा, मी म्हटलं होतं ना चोरवाट.